बॅकअप आहे म्हणता? मग उघडून दाखवा

१
बॅकअप आहे म्हणता? मग उघडून दाखवा.
१० ते २५ कॉम्प्युटरच्या कंपनीत मी पाच दिवस नेमकं काय करतो
(पुढे सरकवा →)

२
भोसरी, शीटमेटलचा कारखाना, १४ कॉम्प्युटर
अकाउंट्सच्या ताई रोज संध्याकाळी डेस्कटॉपवरच्या बॅच फाइलवर क्लिक करायच्या. टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर जायचा. एक दिवस चुकला नाही.

मी म्हटलं, दुसऱ्या मशीनवर उघडून बघू या.

उघडला, पण आत दोन वर्षांपूर्वीची कंपनी! कंपनी स्प्लिट केल्यावर नवा डेटा दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला होता आणि बॅच फाइलमधला पत्ता जुनाच राहिला होता.

ताईंची यात काही चूक नाही. त्यांना क्लिक करायला सांगितलं होतं, उघडून बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

३
पहिला दिवस: कॉम्प्युटरला हात लावत नाही
मालक, अकाउंट्स आणि स्टोअर यांना वेगवेगळं बसवून दोनच प्रश्न:
• हे मशीन उद्या सुरूच झालं नाही, तर किती वेळ निभावेल?
• किती दिवसांचं काम पुन्हा टाकता येईल?

मालक म्हणतात, "सगळंच महत्त्वाचं आहे." मग मी विचारतो, "उद्या गाडी गेटबाहेर पडायला काय लागेल?" त्यावर खरी यादी दोन मिनिटांत निघते.

४
दुसरा दिवस: डेटा खरा कुठे आहे?
सर्व्हरवर असतो असं सगळे सांगतात. सापडतो तो असा:
• ड्रॉइंग डिझायनरच्या डेस्कटॉपवर, "फायनल", "फायनल नवीन" अशा नावांनी
• दहा वर्षांची मेल आउटलुकच्या एकाच .pst फाइलमध्ये
• सीएनसीचे प्रोग्रॅम आणि पॅरामीटर फक्त मशीनच्या मेमरीत. अनेक जुन्या कंट्रोलरमध्ये ही मेमरी बॅटरीवर तगते. बॅटरी गेली की पॅरामीटर गेले, आणि सर्व्हिस इंजिनियर येईपर्यंत मशीन उभं.

हा तिसरा मुद्दा आयटीवाल्यांच्या यादीत बहुतेकदा नसतोच. शॉप फ्लोअरवर चक्कर मारल्याशिवाय तो दिसत नाही.

५
तिसरा दिवस: ३-२-१
डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, १ प्रत कारखान्याबाहेर. नियम जुनाच आहे. घोळ होतो तो अंमलबजावणीत.

गूगल ड्राइव्हला सिंक करणं हा बॅकअप नव्हे: इथे फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते.
कायम जोडलेली हार्ड डिस्कही पुरेशी नाही: रॅन्समवेअर आलं तर मूळ डेटाबरोबर तीही लॉक होते.

आणि ही ओळ तुमच्याकडे असेल तर आजच बघा:

```
robocopy D:\TallyData E:\Backup /MIR
```

/MIR म्हणजे आरसा. मूळ जागी जे नाही, ते प्रतीतूनही काढून टाकायचं. चुकून आतलं एखादं फोल्डर उडालं, तर रात्री बॅकअपमधूनही उडतं. मी तारखेनुसार वेगळ्या प्रती ठेवतो.

६
चौथा दिवस: घड्याळ लावून रिस्टोअर
कोरा कॉम्प्युटर. त्यावर फक्त बॅकअप आणि टॅली.
• आकडे मी जुळवत नाही. गेल्या महिन्याचा ट्रायल बॅलन्स छापून ताईंच्या हातात देतो. त्या "बरोबर" म्हणाल्या तर पास.
• एक जुनं ड्रॉइंग डिझायनर उघडतो. नुसती फाइल दिसली तर चालत नाही, ती उघडलीही पाहिजे.
• लागलेला वेळ पहिल्या दिवशीच्या उत्तराशेजारी लिहितो. त्यांनी "अर्धा दिवस" म्हटलेलं असतं आणि क्लाउडवरून डेटा उतरायलाच दीड दिवस लागतो. मग टॅलीची एक प्रत आवारातच, पण दुसऱ्या खोलीत ठेवायची असं ठरतं.

७
पाचवा दिवस: शक्यतो गुरुवार
साप्ताहिक सुट्टी, मशीन बंद, कुणी ओरडत नाही. तुमचाच माणूस माझ्याशिवाय सगळं पुन्हा करतो. मी खुर्चीत बसून चहा पितो. तो अडला तिथे सूचना बदलते.

शेवटी भिंतीवर एक कागद: कुणी तपासलं, कधी, किती वेळ लागला. दर तीन महिन्यांनी नवी ओळ.

८
प्रायव्हेट लिमिटेड असाल तर
हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असाल, तर त्याचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. आधी नियमात "ठरावीक काळाने" होतं, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीत ते "रोज" झालं. हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं जपायची आहेत. हा कंपनी कायद्यातला नियम, प्रोप्रायटरशिपला लागू नाही. तुमच्या सीएंशी एकदा बोलून घ्या.

९
पाच दिवस, २८,००० रुपये अधिक जीएसटी
हार्ड डिस्क, क्लाउड तुम्ही थेट विकत घ्या. मी हार्डवेअर विकत नाही, कमिशन घेत नाही.
सध्या भोसरी, चाकण आणि तळवडे.

मेसेजमध्ये एवढंच लिहा: कॉम्प्युटर किती, टॅली कोणत्या मशीनवर, आणि बॅकअप शेवटचा कधी उघडला होता. तिसऱ्याचं उत्तर "आठवत नाही" असेल तर तसंच लिहा.