शनिवारच्या अपॉइंटमेंटला झालेल्या विलंबाबाबत आमचे उत्तर

नमस्कार मॅडम,

शनिवारी दुपारी चार वाजता आपली केस कापणे आणि रूट टचअप अशी अपॉइंटमेंट ठरलेली असताना आपल्याला सव्वापाचपर्यंत ताटकळत बसावे लागले, आणि शेवटी रंग न लावताच, केवळ केस कापून परत जावे लागले, याबद्दल मी सलूनची संचालिका या नात्याने आपली मनःपूर्वक क्षमा मागते. आपण जाहीरपणे लिहिले आहे, म्हणून उत्तरही जाहीरपणेच देत आहे. आपले म्हणणे वाचल्यावर मी त्या दिवशीची अपॉइंटमेंटची वही पाहिली आणि काउंटरवरील तसेच खुर्चीवरील दोन्ही सहकाऱ्यांशी वेगवेगळे बोलले. आपण दिलेल्या वेळा बरोबर आहेत.

आधी उशिराचे कारण सांगते. ते सबब म्हणून घेऊ नये, ही विनंती. आपल्या आधीच्या ग्राहकांच्या केसांवर घरी लावलेल्या गडद रंगाचे अनेक थर होते आणि ते काढून फिकट छटा हवी होती. असे काम वहीत नेहमीच्या रंगकामाच्या वेळेत बसवले गेले, तिथेच पहिली चूक झाली. जुन्या रंगाचे थर केसभर सारखे नसतात. मुळाशी केस लवकर उजळतात, कारण तिथे डोक्याची ऊब मिळते आणि रंगाचे थरही कमी असतात. टोकांकडे मात्र तेच मिश्रण लावूनही केस बराच वेळ तांबूस-नारिंगीच राहतात. अशा वेळी मिश्रण मध्येच धुऊन टाकले तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी राहतो, आणि घाई म्हणून जास्त तीव्रतेचा डेव्हलपर वापरला तर केस ताणले की तुटू लागतात. त्यामुळे माझ्या स्टायलिस्टने ते काम अर्ध्यावर सोडले नाही, हा तिचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. आपल्या केसांवर काम चालू असते, तर आपल्यालाही तिने तसेच वागावे असे वाटले असते.

पण ते काम लांबणार हे साडेतीनच्या सुमारासच तिच्या लक्षात आले होते. आपण तेव्हा घरून निघालाही नव्हता. एक फोन केला असता, तर आपण उशिरा येण्याचे किंवा दुसरा दिवस घेण्याचे ठरवू शकला असता. तो फोन झाला नाही; उलट आपण आल्यावर "पाचच मिनिटे, मॅडम" हे वाक्य, आपण लिहिल्याप्रमाणे, चार वेळा ऐकवण्यात आले. काउंटरवरील सहकाऱ्याला खरी वेळ ठाऊक नव्हती आणि तिने आत जाऊन विचारलेही नाही. एक तास लागेल असे ऐकून ग्राहक नाराज होतो, पण त्याच्या हातात काहीतरी ठरवणे उरते. पाच-पाच मिनिटांच्या आश्वासनात तेही उरत नाही.

आपल्या तक्रारीतील ज्या ओळीने मला सर्वाधिक वाईट वाटले, ती केस धुण्याबद्दलची आहे. साडेचारला आपल्याला बेसिनवर नेऊन शॅम्पू करण्यात आला आणि मग ओल्या केसांभोवती टॉवेल गुंडाळून, एसीच्या झोताखाली पाऊण तास बसवून ठेवण्यात आले. मानेवरचा टॉवेल गार पडला तरी कोणी बदलला नाही. मी या व्यवसायात आहे, त्यामुळे हे का होते ते मला चांगले ठाऊक आहे: केस ओले झाले की ग्राहक उठून जाऊ शकत नाही आणि काम सुरू झाल्यासारखे दिसते. आमच्याकडे हे जाणूनबुजून झाले नाही असे सहकारी सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे; तरीही आपल्या बाजूने परिणाम तोच झाला. यापुढे कापणाऱ्या स्टायलिस्टची खुर्ची रिकामी झाल्याशिवाय कोणाचेही केस धुतले जाणार नाहीत. शिवाय रूट टचअपचा रंग बहुधा कोरड्या, न धुतलेल्या केसांवरच लावला जातो, म्हणजे तो शॅम्पू आपल्या कामाच्या दृष्टीनेही अवेळी होता.

आपल्यानंतर आलेल्या एका बाईंना आधी घेतले, असेही आपण लिहिले आहे. त्यांचे काम केवळ भुवयांच्या थ्रेडिंगचे होते आणि ते दुसरी सहकारी दुसऱ्या खुर्चीवर करते. प्रतीक्षा करणाऱ्याला हे कोणी सांगितले नाही, तर त्याला वशिला वाटणारच.

सव्वापाचला आपल्याला "रंग आज घाईत उरकून घेऊ" असे सुचवण्यात आले आणि आपण नकार दिलात, तो योग्यच होता. मुळांवरील रंगाला लावण्याचा वेळ सोडून साधारण अर्धा ते पाऊण तास मुरू द्यावे लागते; त्यात काटछाट केली तर पांढरे केस नीट झाकले जात नाहीत. आगाऊ भरलेली रंगाची रक्कम आपल्या खात्यात परत पाठवली आहे. केस कापण्याचे शुल्कही त्यासोबत परत केले आहे. पुढच्या भेटीत सवलत देऊ असे मी मुद्दाम म्हणत नाही, कारण सवलत घेण्यासाठी पुन्हा आमच्याकडेच यावे लागते आणि झालेल्या त्रासाची ती भरपाई ठरत नाही.

आमच्या बाजूने केलेले बदल असे आहेत. जुना रंग काढण्याचे कोणतेही काम आता फोनवर ऐकून वहीत लिहिले जाणार नाही. आधी केस प्रत्यक्ष पाहून, एका बटेवर चाचणी करूनच वेळ ठरेल, आणि त्यानंतरची खुर्ची मोकळी ठेवली जाईल. शनिवार-रविवारी यामुळे आमच्या अपॉइंटमेंट कमी होतील, हे मी मान्य करूनच हा निर्णय घेतला आहे. कोणतीही वेळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त पुढे सरकणार असेल, तर ग्राहक निघण्यापूर्वी फोन करण्याची जबाबदारी काउंटरची राहील आणि काम लांबत असल्याचे काउंटरला कळवण्याची जबाबदारी स्टायलिस्टची.

काउंटरवरील मुलीला कामावरून काढावे, ही आपली मागणी मात्र मला मान्य करता येणार नाही. तिने चुकीचे उत्तर दिले हे खरे, पण बरोबर उत्तर मिळण्याची व्यवस्था मी तिला दिलेली नव्हती. आपल्या तक्रारीखाली काही जणांनी तिच्याविषयी वैयक्तिक स्वरूपाचे लिहिले आहे. त्यांना माझी विनंती आहे की, राग माझ्यावर काढावा.

आपण पुन्हा यावे असा आग्रह धरण्याचा अधिकार आज मला नाही. यायचे ठरवलेत, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची पहिली वेळ आपल्यासाठी ठेवता येईल. त्या आधी कोणाचे काम नसल्याने मागचे लांबण्याचा प्रश्न येत नाही. दुसरीकडे रंग लावून घेणार असाल, तर तिथल्या रंगाची पॅच टेस्ट किमान ४८ तास आधी अवश्य करून घ्यावी, कारण आमच्याकडे झालेली टेस्ट दुसऱ्या कंपनीच्या रंगाला लागू पडत नाही. आपल्याला लावत असलेल्या छटेचा क्रमांक आणि डेव्हलपरचे प्रमाण आमच्या नोंदीत आहे. ते हवे असल्यास काउंटरला फोन करून सांगावे, त्याच दिवशी आपल्याला पाठवले जाईल.

आपली,
सलूनची संचालिका