डाळीचं पाणी नको, डाळच भरवा

या गं, सावलीला बसा सगळ्या. पोरं मांडीवरच असू देत, चाखायचं त्यांनाच आहे.

या दोन वाट्या बघा. एकीत वरणाचं वरचं पाणी, दुसरीत घोटलेलं घट्ट वरण. पोट दोन्हींनी भरेल, पण पहिलीतली डाळ पातेल्याच्या बुडाशीच राहिली की! दीड वर्षाच्या लेकराचं पोट ते केवढं, त्यात पाण्याला जागा कशाला द्यायची? चमचा तिरपा केला तरी पटकन ओघळू नये, इतपत घट्ट हवं. घास गिळत नाही म्हणून पाणी वाढवू नका. वरण-भात हातानं कुस्करा आणि वर चमचाभर तेल सोडा. तूप परवडत नसेल तर शेंगदाण्याचं तेल चालतं.

आता नाचणी. अर्धा किलो निवडून तीन पाण्यांनी धुवा, रात्रभर भिजवा. सकाळी पाणी पुरतं निथळून ओल्या फडक्यात बांधा. निथळायचा कंटाळा केला की पुरचुंडी चिकट होते, आंबूस वास येतो. मग ती टाकूनच द्यायची. दुसऱ्या दिवशी बारीक मोड दिसले की सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर भाजा आणि दळून आणा. दमट राहिली तर पिठाला बुरशी धरते.

शिजवताना दोन चमचे पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचं, मगच चुलीवर ठेवायचं. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की अशा गुठळ्या होतात, बघा, आतून कच्च्या. पाचेक मिनिटं ढवळत राहा. मोडाचं पीठ साध्या पिठाइतकं आळत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत ते जास्त मावतं. सुपारीएवढा गूळ आणि चमचाभर शेंगदाण्याचं कूट घाला. कूट बारीकच हवं. अख्खा दाणा, फुटाणा नको, श्वासनळीत अडकतो.

शेवग्याचा पाला दारातच आहे ना? वरणात मूठभर चिरून घाला, वाढताना लिंबू पिळा. लिंबानं पाल्यातलं लोह अंगी लागतं. चहा नेमकं उलटं करतो, आणि तुमची पोरं चहा-बिस्किटावर सकाळ काढतात! बिस्कीट म्हणजे मैदा नि साखर. त्या पुड्याच्या पैशांत थोडी भर घातली की अंडं येतं. चांगलं उकडून, कुस्करून द्या.

दिवसातून तीनदा जेवण, मध्ये दोनदा खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षं तरी सुरू ठेवा, पण जेवणाच्या तोंडावर पाजू नका, भूकच मरते. आणि घरपोच आहाराचं पाकीट लेकराचं असतं. सगळ्या घरानं मिळून खाल्लं तर त्याच्या वाटणीला दोन दिवसही पुरत नाही. सासूबाई ऐकत नसतील तर मला सांगा, मी घरी येऊन बोलेन.

चला, आता एकेकीनं वजनाला या. पोरांच्या चपला, जाड कपडे काढून ठेवा.