दोनशे आणि नवे बूट

सँ-दनी हे पॅरिसला उत्तरेकडून चिकटलेलं उपनगर. मेट्रोच्या 13 नंबरच्या लाइनवर बाझिलिक द सँ-दनी स्टेशनला उतरलं की हाकेच्या अंतरावर फ्रान्सच्या राजांच्या समाध्या असलेलं चर्च आहे आणि त्याच्या जवळच मंगळवारी, शुक्रवारी नि रविवारी भरणारा बाजार. तिथं राहत असताना हा छोटा प्रवेश मी फ्रेंचमध्ये, तिथल्या पोरांच्या बोलीत लिहिला होता. आता नाट्यवाचनासाठी मीच तो मराठीत आणला आहे.

ही बोली शब्द उलटे करते. 'फाम' म्हणजे बाई, तिची होते 'मफ'. 'लूश' म्हणजे संशयास्पद, त्याचं होतं 'शलू'. मराठीत तसं उलटं करायचा मोह मी टाळला. आपल्याकडे भांडताना असं कोणी बोलत नाही, ऐकणारा कोडं सोडवत बसला असता आणि राग हातातून निसटला असता. म्हणून लालबाग-परळच्या नाक्यावरची मराठी घेतली. तिथल्या फ्रेंचमध्ये अरबी शब्द जसे सहज मिसळतात, तशी या मराठीत हिंदी मिसळते. 'वल्ला' ही शपथ मात्र तशीच ठेवली. 'स्यूर ला व्ही द मा मेर'ला तर काहीच करावं लागलं नाही, ती आपली आईशप्पथच.

खरी काळजी घेतली ती 'फ्रेर'ची, म्हणजे 'भावा'ची. ही पोरं दर दुसऱ्या वाक्याला भावा म्हणतात. तो शब्द गळला की समजायचं, भांडण खरं आहे. वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळावं.

(संध्याकाळचे सात. बाजाराजवळची गल्ली. 'ग्रेक'चं दुकान, डोनर कबाबच्या सँडविचला पॅरिसमध्ये ग्रेकच म्हणतात. बाहेर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. उजवीकडच्या खुर्चीत मूसा फ्राइज खातोय. यानिस येतो. पायात कोरे पांढरे बूट, एक डाग नाही.)

यानिस : काय भावा! एकटाच हाणतोयस?

मूसा : (बुटांकडे बघत) झक्कास आहेत.

यानिस : काय?

मूसा : बूट रे. टीएन ना? कितीला पडले?

यानिस : सोड ना भावा. एक फ्राय दे.

मूसा : हात काढ. कितीला पडले विचारलं.

यानिस : असेच आले.

मूसा : टीएन असेच येतात? माझ्या दोनशेचं काय झालं?

यानिस : आला लगेच पैशांवर! बूड तरी टेकू दे.

मूसा : टेक. टेकून सांग. लायसनसाठी घेतलेस ना? 'भावा, एक महिना फक्त, आईशप्पथ.' तीन महिने झाले. मेसेज केला की निळ्या टिका येतात आणि साहेब गायब.

यानिस : फोनचा लोचा झालेला.

मूसा : फोनचा लोचा, आणि स्नॅपवर रोज रात्री चालू? येडा समजतोस मला?

यानिस : डोकं नको खाऊ यार. देणारे बोललो ना.

मूसा : कधी? टक्कल पडल्यावर?

यानिस : हळू बोल, लोक बघतायत.

मूसा : बघू देत! सगळ्यांना कळू दे, कोणाच्या पैशावर कोण चमकतोय!

यानिस : थोबाड बंद कर, मूसा.

(मूसा उभा राहतो. फ्राइजचा कागद खुर्चीवर.)

मूसा : काय बोललास?

यानिस : ऐकलंस तू.

मूसा : पहाटे चारला उठून बाजारात पेट्या उचलल्यात मी त्या दोनशेसाठी. चारला! थंडीत संत्र्याच्या पेट्या उचलून बघ एकदा, बोटं आपली आहेत का दुसऱ्याची कळत नाही. आणि तू माझ्यासमोर उभा राहून मला थोबाड बंद कर बोलतोस?

यानिस : हो, तूच एकटा राबतोस. आम्ही सगळे फुकट खातो.

मूसा : हे तू बोललास, मी नाही.

यानिस : दोनशेसाठी हिशेब काढतो! लहानपणी आमच्याकडे जेवायचास, तेव्हा माझ्या म्हातारीने वही घातली होती?

(शांतता. दुकानातून पोऱ्याचा आवाज : "सालाद, तोमात, ओन्यों?" कोणीतरी "सगळं टाक" म्हणतं.)

मूसा : तिला मध्ये आणू नको.

यानिस : का? लागलं?

मूसा : लिफ्ट बंद असते तेव्हा तिच्या पिशव्या पाच मजले कोण चढवतं? तू? तू खाली उभा राहून फोन लावतोस, 'मूसा, कुठंयस?' तिचं वेगळं. तिने आत्ता हाक मारू दे, आत्ता जाईन. पण तू थापाड्या आहेस, यानिस. पक्का थापाड्या.

यानिस : बूट नबिलने दिलेत.

मूसा : तुझ्या भावाने?

यानिस : वाढदिवसाला. वल्ला. विचार त्याला.

मूसा : मग माझे दोनशे गेले कुठं?

यानिस : (पुटपुटत) कोडला.

मूसा : कशाला?

यानिस : कोडला रे! लायसनची लेखी परीक्षा. एका वेळेला तीस घेतात. तीस. परत तीस. परत तीस. परत तीस. बाकीचे ऐंशी क्लासला.

मूसा : चारदा?

यानिस : हळू बोल!

मूसा : चारदा नापास झालास तू?

यानिस : परवा चौतीस आले.

मूसा : चाळीसपैकी? मग?

यानिस : पस्तीस लागतात. एकाने गेली. एका प्रश्नाने! तुला कुठल्या तोंडाने मेसेज करू? काय लिहू, 'तुझे पैसे बुडवले, आणि अजून लायसन नाहीच'?

(मूसा बसतो. फ्राइजचा कागद मांडीवर घेतो. खात नाही.)

मूसा : कुठला चुकला?

यानिस : जाऊ दे ना.

मूसा : कुठला?

यानिस : चौक आहे. पाटी नाही, सिग्नल नाही. उजवीकडून गाडी येते. आधी कोण जाणार?

मूसा : उजवीकडची! माझ्या सात वर्षांच्या बहिणीला येतं हे.

यानिस : मलापण येतं! घाईत 'मी' दाबलं.

मूसा : 'मी' दाबलं.

यानिस : हसू नको.

मूसा : कुठं हसतोय?

यानिस : खांदे हलतायत तुझे, च्यायला. आणि नबिलला बोललास तर बघ. त्याला कळलं की अख्ख्या बिल्डिंगला कळणार.

मूसा : दोनशे आहेतच हां अजून. हसलो म्हणून माफ नाही झाले.

यानिस : माहितीय.

मूसा : रविवारी ये बाजारात. पेट्या उचल. तुझी मजुरी माझ्या खिशात, फिटेपर्यंत.

यानिस : चारला?

मूसा : चारला. आणि हे बूट घालून येऊ नको, वाट लागेल त्यांची.

(यानिस डावीकडच्या खुर्चीत बसतो. बुटाच्या टोकावरची न दिसणारी धूळ अंगठ्याने पुसतो. मूसा फ्राइजचा कागद दोघांच्या मधोमध धरतो. दोघांचे हात एकदमच पुढे येतात.)

मूसा : ए. पाटी नाही, सिग्नल नाही. आधी कोण, भावा?

यानिस : (हात मागे घेत) तू.