पाण्यावर टिकणारी पेपरक्लिप: घरच्या घरी पृष्ठताणाचा प्रयोग

हा प्रयोग ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्याला साधारण पाऊण तास लागतो. त्यात विस्तव नाही, धारदार वस्तू नाही आणि साबणापलीकडे कोणतेही रसायन नाही.

मोठ्यांची देखरेख आवश्यक: प्रयोग सुरू झाल्यापासून आवरून होईपर्यंत घरातील एका मोठ्या व्यक्तीने मुलांजवळ बसावे. पेपरक्लिप आणि नाणे लहान भावंडे तोंडात घालू शकतात, म्हणून पाच वर्षांखालील मुलांना या वस्तूंपासून दूर ठेवावे आणि पाण्याचे भांडे त्यांच्या हाताशी सोडून उठू नये. साबणाचे पाणी डोळ्यांत गेल्यास डोळे लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि आग थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. जमिनीवर सांडलेले पाणी तेव्हाच्या तेव्हा पुसावे, कारण साबण मिसळलेल्या पाण्यावरून पाय सहज घसरतो.

साहित्य

एक पसरट भांडे घ्या. ते स्टीलचे किंवा प्लास्टिकचे असावे, काचेचे नको. त्याशिवाय साधे पाणी, धातूच्या लहान आकाराच्या चार-पाच पेपरक्लिपा, टिश्यू पेपरचा एक तुकडा, एक पेन्सिल, भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब, चिमूटभर मिरपूड, एक नाणे, एक ड्रॉपर, लहान टॉर्च आणि कोरडे फडके एवढ्या वस्तू जवळ ठेवा. वही हवीच. तिच्याशिवाय हा प्रयोग म्हणजे नुसती गंमत होईल.

भांड्याची स्वच्छता हा या प्रयोगातला सर्वांत नाजूक भाग आहे. घासलेल्या भांड्याला साबणाचा अंश, डोळ्यांना दिसणार नाही इतका, चिकटून राहतो आणि तेवढाही प्रयोग बिघडवायला पुरतो. म्हणून भांडे साध्या वाहत्या पाण्याने तीन-चार वेळा नीट खंगाळा, तुमचे हातही तसेच साध्या पाण्याने धुवा आणि कोरडे करा.

कृती

भांड्यात तीन-चार बोटे खोल पाणी भरा आणि ते पूर्ण स्थिर होऊ द्या. आता एक पेपरक्लिप हातात घ्या आणि ती पाण्यात टाकल्यावर काय होईल असे तुम्हाला वाटते, ते आधी वहीत लिहा. नंतर ती टोकाच्या बाजूने पाण्यात सोडा. ती तळाशी जाते. पोलाद पाण्यापेक्षा जवळजवळ आठपट घन असते, त्यामुळे यात नवल काही नाही.

आता दुसरी, पूर्ण कोरडी क्लिप घ्या. क्लिपपेक्षा थोडा मोठा टिश्यू पेपरचा तुकडा पाण्यावर अलगद पसरा आणि त्यावर क्लिप आडवी ठेवा. पेन्सिलच्या बोथट टोकाने कागदाच्या कडा एकेक करून हळूहळू खाली दाबा. क्लिपला पेन्सिलचा धक्का लागता कामा नये. भिजलेला कागद थोड्या वेळाने खाली बसतो आणि क्लिप मात्र पाण्यावर तशीच राहते. पहिल्या खेपेला जमले नाही तर क्लिप फडक्याने कोरडी करून पुन्हा प्रयत्न करा. ओली क्लिप बहुधा टिकत नाही.

इथे घाई करू नका. भांड्याच्या काठाच्या पातळीवर डोळे आणून क्लिपकडे तिरपे पाहा. क्लिपच्या भोवती पाणी सपाट नसून खाली दबलेले दिसेल, जणू तिथे उथळ खळगा पडला आहे. खोलीतला प्रकाश थोडा कमी करून टॉर्च वरून धरा आणि भांड्याच्या तळाकडे पाहा. तिथे क्लिपच्या तारेपेक्षा बरीच रुंद सावली पडते आणि तिच्या कडेला उजळ रेघ असते. वाकलेल्या पृष्ठभागातून जाताना प्रकाश बाजूला वळतो, त्यामुळे खळग्याखाली अंधार राहतो आणि वळलेला प्रकाश कडेला गोळा होतो. दिसलेली सावली वहीत काढून ठेवा. या प्रयोगातील सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच आहे, कारण पाण्याच्या पृष्ठभागावर बल काम करत असल्याचा पुरावा तुम्हाला इथे उघड दिसतो.

आता क्लिप पेन्सिलने अगदी हलकेच पाण्याखाली दाबा आणि सोडून द्या. लाकडाचा तुकडा असता तर तो पुन्हा वर आला असता. क्लिप वर येत नाही.

असे का होते?

पाणी असंख्य सूक्ष्म रेणूंचे बनलेले असते आणि हे रेणू एकमेकांना आपल्याकडे ओढत असतात. पाण्याच्या आत असलेल्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे त्याच्यावरील ओढ सर्व दिशांनी सारखी पडते. पृष्ठभागावरील रेणूंच्या वर मात्र पाणी नसते, केवळ हवा असते. म्हणून त्यांच्यावर आतल्या बाजूची ओढ जास्त पडते आणि पाण्याचा पृष्ठभाग शक्य तितका आकसून राहण्याचा प्रयत्न करतो. या गुणधर्माला पृष्ठताण म्हणतात. क्लिप आडवी ठेवली की पृष्ठभाग ताणून धरलेल्या चादरीसारखा थोडा खाली वाकतो आणि तारेच्या दोन्ही बाजूंनी तिला वर ओढून धरतो. पाण्यावर खरोखरची वेगळी साय किंवा पापुद्रा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवा. वरचे रेणू आणि खालचे रेणू एकाच पाण्याचे असतात, त्यांची फक्त जागा वेगळी असते.

मोठ्या मुलांनी थोडे गणितही करून पाहावे. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७३ न्यूटन असतो. लहान पेपरक्लिप उलगडली तर तिची तार साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मीटर भरते आणि तारेच्या दोन बाजू धरल्या तर पाण्याशी भिडणारी लांबी ०.२ मीटर होते. या दोन संख्यांचा गुणाकार सुमारे ०.०१५ न्यूटन येतो, म्हणजे फार तर दीड ग्रॅमच्या आसपासचे वजन पेलता येईल. लहान क्लिप एका ग्रॅमपेक्षाही हलकी असते, म्हणून ती टिकते. खळग्यातून बाजूला सारलेले पाणीही तिला थोडा आधार देते. टोकाने सोडलेल्या क्लिपचे सगळे वजन मात्र एका लहानशा ठिकाणी पडते, तेवढ्या जागेचा पृष्ठताण ते पेलू शकत नाही आणि पृष्ठभाग भेदून क्लिप तळाला जाते. तळ्याच्या पाण्यावरून धावणाऱ्या किड्यांचे लांब, पसरलेले आणि पाणी न धरणारे पाय याच तत्त्वावर त्यांना तोलून धरतात.

साबणाचा एक थेंब

आणखी एक क्लिप पाण्यावर ठेवा. पेन्सिलचे टोक साबणात बुडवून क्लिपपासून दूर, भांड्याच्या कडेजवळ पाण्याला टेकवा. क्लिप बुडते, आणि तिला कोणीही हात लावलेला नसतो.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे टोक पाण्यापासून दूर राहू पाहते. त्यामुळे हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, तिथली पाण्याच्या रेणूंची परस्परांवरील ओढ सैल पडते आणि पृष्ठताण निम्म्याहून कमी होऊ शकतो. क्लिपचे वजन तेवढेच राहते, तिला धरून ठेवणारे बल मात्र उरत नाही.

हीच गोष्ट पसरताना पाहायची असेल तर भांडे पुन्हा नीट खंगाळून ताजे पाणी भरा आणि मोठ्यांकडून त्यावर चिमूटभर मिरपूड भुरभुरून घ्या. पूड नाकाडोळ्यांत जाऊ नये म्हणून त्या वेळी भांड्यावर वाकू नका. मधोमध साबणाचे टोक टेकवताच पूड क्षणात काठाकडे पळते. साबणाने पुडीला ढकलले असे अनेकदा सांगितले जाते, पण त्याने घडलेली गोष्ट नीट कळत नाही. मध्यभागी ताण कमी झाला, काठाकडच्या पाण्याचा ताण अजून पहिल्याइतकाच आहे आणि म्हणून तो पृष्ठभागाला, त्यावरील पुडीसकट, आपल्याकडे ओढून नेतो. आता दुसऱ्यांदा साबण टेकवा. काही विशेष घडत नाही. का, ते आधी स्वतः लिहा आणि मग पुढचे वाक्य वाचा. साबण सगळीकडे पसरलेला असल्यामुळे ताणातील फरक संपलेला असतो आणि फरकाशिवाय ओढ निर्माण होत नाही.

स्वयंपाकघरातील एक संशोधक

आग्नेस पोकेल्स यांचा जन्म १८६२ साली झाला. जर्मनीत त्या काळी स्त्रियांना विद्यापीठात शिकण्याची वाट मोकळी नव्हती. घरची कामे सांभाळत असताना त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकट पदार्थांचा काय परिणाम होतो याचे मोजमाप घरातील साध्या साधनांनी सुरू केले. पृष्ठभाग लहान-मोठा करता येईल अशी सरकत्या पट्टीची उथळ कुंडी त्यांनी स्वतः तयार केली. १८९१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञांना पत्राने कळवली आणि रॅले यांच्या शिफारशीने ते पत्र त्याच वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात छापले गेले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पण काय बदलले आणि त्यामुळे किती फरक पडला याची नोंद त्यांनी काटेकोरपणे ठेवली होती.

तुम्ही स्वतः मोजून पाहा

नाणे कोरड्या बशीत सपाट ठेवा आणि त्यावर ड्रॉपरने पाण्याचे थेंब एकेक करून सोडा. ड्रॉपर दर वेळी सारख्याच उंचीवर धरा. पाणी ओघळण्यापूर्वी किती थेंब मावले ते लिहा. नाण्याच्या काठावर पाण्याचा फुगीर घुमट उभा राहिलेला दिसेल, तो बाजूने पाहा. नंतर नाणे पुसून, तोच ड्रॉपर वापरून साबण मिसळलेल्या पाण्याने हेच करा. दोन्ही प्रकार किमान तीनदा करा, कारण एकाच वेळच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. साबणाच्या पाण्याचा घुमट बसका होतो आणि लवकर फुटतो. पण त्याचे थेंबच मुळात लहान पडतात, त्यामुळे थेंबांची नुसती संख्या फसवू शकते. दोन्ही पाण्यांचे प्रत्येकी वीस थेंब एका लहान चमच्यात गोळा करून तुलना केलीत तर हा फरक लक्षात येईल. साबणाच्या पाण्याची पाळी नेहमी शेवटी ठेवा, नाहीतर ड्रॉपरमध्ये राहिलेला साबण पुढच्या साध्या पाण्यात मिसळेल.

पाणी गरम करून पाहण्याचा मोह होईल, पण ते करू नये. गरम पाण्याचा पृष्ठताण कमी होतो हे खरे असले तरी २० वरून ६० अंशांपर्यंत तापवले तरी तो जेमतेम दहा टक्के घटतो. एवढ्याशा फरकासाठी हात भाजण्याचा धोका घेण्यात अर्थ नाही.

प्रयोग झाल्यावर वापरलेले पाणी मोरीत ओता, पिऊ नका. क्लिपा पुसून कोरड्या करा, नाहीतर त्या गंजतील, आणि ठेवण्यापूर्वी मोजून घ्या, म्हणजे एखादी जमिनीवर पडून राहिली असेल तर लगेच कळेल. हात धुवून झाले की वहीत आजची तारीख घाला.