चाळीतला कांदा: उताऱ्यावरील प्रश्न, उत्तरसूचीसह

कृषी पदविका, काढणीपश्चात तंत्रज्ञान. सराव प्रश्न. गुण २०, वेळ ५० मिनिटे.

सूचना: पुढील उतारा एकदा सलग वाचा, मग प्रश्न वाचा आणि पुन्हा उताऱ्याकडे वळा. प्रत्येक उत्तरात विधान, त्याचा पुरावा आणि दोहोंचा संबंध असे तिन्ही असावे. पुराव्यासाठी वाक्याचा क्रमांक आणि त्यातले नेमके शब्द लिहा. आख्खे वाक्य उतरवून काढू नका. वर्गात शिकलेली माहिती कारण समजावण्यासाठी वापरता येईल, पुरावा म्हणून नाही.

उतारा

[१] निफाड तालुक्यातल्या दोन सख्ख्या भावांनी एकाच वाफ्यातले रोप डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लावले आणि एप्रिलच्या मध्यात दोघांचाही उन्हाळ कांदा काढणीला आला. [२] थोरल्याने नत्राचा शेवटचा हप्ता लावणीनंतर ४५व्या दिवशी दिला आणि काढणीच्या २० दिवस आधी पाणी तोडले. [३] धाकट्याला कांदा अजून पोसावा असे वाटत होते, म्हणून त्याने ७५व्या दिवशी आणखी युरिया टाकला आणि काढणीला ६ दिवस उरेपर्यंत पाणी देत राहिला. [४] निम्म्याहून अधिक माना पडल्यावर थोरल्याने कांदा उपटला, एका ओळीच्या पातीने आधीच्या ओळीचा कांदा झाकला जाईल अशा बेताने पसरून ४ दिवस शेतातच ठेवला, मग पेरभर मान राखून पात कापली आणि झाडाखाली पातळ थरात १२ दिवस सुकवला. [५] धाकट्याने उपटल्या दिवशीच पात अगदी कांद्याला लावून कापली आणि पावसाचा अंदाज आहे म्हणून तिसऱ्या दिवशी माल चाळीत टाकला. [६] पाऊस काही आला नाही. [७] भरण्याआधी थोरल्याने जोड, डेंगळे, जाड मानेचे आणि गोल्टी असे कांदे वेगळे काढून त्याच आठवड्यात विकून टाकले. धाकट्याने सगळा माल सरसकट भरला. [८] दोघांच्याही चाळीत भरतेवेळी १२० क्विंटल कांदा होता आणि त्या आठवड्यात बाजारात क्विंटलला १,१५० रुपये भाव होता. [९] थोरल्याची चाळ ४८ फूट लांब, ४ फूट रुंद, जमिनीपासून दीड फूट उचललेली, तळाला बांबूंमध्ये फटी राखलेली. थर ४ फूट. [१०] धाकट्याची चाळ रुंदीला तेवढीच, पण लांबी ३० फूट, त्यामुळे थर साडेसहा फुटांवर गेला. तळाला जमिनीवरच तुराट्या अंथरल्या होत्या. [११] थोरल्याच्या चाळीचे एक टोक गोठ्याच्या भिंतीला टेकले होते. [१२] जुलैत पावसाची झड लागली तेव्हा दोघांनीही पश्चिम अंगाला ताडपत्री बांधली. थोरला उघडीप मिळाली की ती गुंडाळून वर घेई, धाकट्याची मात्र सलग ९ दिवस तशीच राहिली. [१३] जुलैअखेर वास सुटला म्हणून धाकट्याने चाळ फोडली. [१४] वरच्या दोन फुटांतला कांदा बराचसा धड होता; मधला आणि तळचा दबून पाणी सुटलेला निघाला; ताडपत्रीकडच्या कांद्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढली होती; आणि ढिगात जागोजागी असे कांदे सापडले की दिसायला चांगले, पण मानेवर अंगठा दाबला की आत जाई. [१५] निवडून ७१ क्विंटल माल विकण्याजोगा उरला, त्याला १,४०० रुपये भाव मिळाला. [१६] थोरल्याने सप्टेंबरच्या मध्यात चाळ फोडली, तेव्हा ९८ क्विंटल माल १,९०० रुपयांनी गेला. घटलेल्या २२ क्विंटलपैकी १३ क्विंटल वजन वाळून कमी झाले होते, ९ क्विंटल सडका व कोंब आलेला कांदा होता, आणि या ९ मधला ४ क्विंटल गोठ्याकडच्या टोकाचा होता. [१७] साठवणुकीचा जादा खर्च थोरल्याला १२,००० आणि धाकट्याला ९,००० रुपये आला. [१८] दोन्ही चाळींमध्ये अंतर ३०० फूट. [१९] धाकट्याचे म्हणणे, "यंदा हवाच खराब होती, कांदा कुणाचाच टिकला नसता."

प्रश्न

प्र. १. वाक्य [१९] मधले धाकट्याचे म्हणणे उताऱ्याच्या आधारे टिकते का? दोन पुरावे द्या. (२)

प्र. २. वाक्य [१४] मध्ये तीन प्रकारचे नुकसान तीन वेगळ्या जागी दिसते. प्रत्येकाचे कारण उताऱ्यातून शोधा आणि त्या कारणाने तसेच नुकसान का व्हावे हे एकेका वाक्यात सांगा. (४)

प्र. ३. थर ५ फुटांपेक्षा उंच नसावा असे धरा. धाकट्याच्या चाळीत या मर्यादेत किती क्विंटल कांदा मावला असता? उरलेला काढणीच्या वेळीच विकला असता तर किती पैसे आले असते? (३)

प्र. ४. काढणीच्या वेळीच सगळे १२० क्विंटल विकले असते तर जे मिळाले असते, त्याच्या तुलनेत प्रत्येक भावाला साठवणुकीतून नफा झाला की तोटा, आणि किती? (४)

प्र. ५. थोरल्याचीही एक चूक उताऱ्यात दडलेली आहे. ती कोणती, आणि तिचा परिणाम कोणत्या आकड्यात दिसतो? (२)

प्र. ६. "धाकट्याने सप्टेंबरपर्यंत थांबायला हवे होते, भाव १,९०० झाला होता." या मताशी तुम्ही सहमत आहात का? उताऱ्यातून काय सिद्ध होते आणि काय सांगता येत नाही, हे वेगवेगळे लिहा. (३)

प्र. ७. दोघांच्या मालातला फरक वाणामुळे पडला असे म्हणता येईल का? (२)

उत्तरसूची (तपासनिसांसाठी)

प्र. १. टिकत नाही. चाळी ३०० फुटांवर [१८], म्हणजे हवा एकच. तरी थोरल्याचा ९८ क्विंटल माल दीड महिना जास्त राहून विकला गेला [१६]. नुसते "थोरल्याचा टिकला" लिहिणाऱ्याला १ गुण, कारण हवा सारखीच होती हे त्याने दाखवलेले नाही. [१२] मधली "दोघांनीही" बांधलेली ताडपत्री हाही चालणारा पुरावा आहे: झड दोघांच्याही वाट्याला आली.

प्र. २. इथे सगळ्यात जास्त गुण जातात. विद्यार्थी तिन्ही नुकसानांना मिळून "हवा खेळली नाही" असे एकच कारण देतात. मधला आणि तळचा कांदा: साडेसहा फूट थर आणि जमिनीवरच्या तुराट्या [१०], वरच्या वजनाने खालचा कांदा दबतो आणि खालून हवा शिरायला वाट नसल्याने आतली ऊब व ओल तिथेच कोंडते. वरचे दोन फूट धड राहिले, यावरून दोष थराचा हे पक्के होते. हा मुद्दा पकडणाऱ्याला अर्धा गुण जादा द्यावा, मात्र एकूण ४ च्या वर जाऊ नये. काळी बुरशी: सलग ९ दिवसांची ताडपत्री [१२], त्या अंगाची ओल बाहेर पडली नाही आणि दमट सालीवर बुरशी धरली. मानेकडची सड: [३] आणि [५] मिळून. उशिराच्या नत्राने व पाण्याने मान जाड आणि रसाळ राहिली, पात कांद्याला लावून कापल्याने जखम उघडी राहिली आणि ती सुकून बंद होण्याआधीच माल चाळीत गेला. या सडीला फक्त [१०] चा पुरावा देणाऱ्याला गुण नाही: असे कांदे "जागोजागी" होते, म्हणजे चांगल्या हवेच्या भागातही होते. [७] मधला जाड मानेचा कांदा न निवडल्याचा पुरावा मान्य.

पहिल्या नुकसानाला १, दुसऱ्याला १, तिसऱ्याला २ गुण.

प्र. ३. सध्याचा थर ३० × ४ × ६.५ = ७८० घनफूट, त्यात १२० क्विंटल [८, १०]. ५ फुटांवर ६०० घनफूट. १२० × ६०० ÷ ७८० = सुमारे ९२ क्विंटल. उरलेले २८ क्विंटल × १,१५० = ३२,२०० रुपये. पायरीला एक गुण. दशांशात ९२.३ धरून ३१,८५५ आले तरी पूर्ण गुण. फुटांचे मीटर करत बसलेला विद्यार्थी वेळ घालवतो, चुकत नाही.

प्र. ४. तुलनेचा पाया १२० × १,१५० = १,३८,००० [८]. थोरला: ९८ × १,९०० = १,८६,२००, खर्च वजा जाता १,७४,२००; नफा ३६,२०० रुपये [१६, १७]. धाकटा: ७१ × १,४०० = ९९,४००, खर्च वजा जाता ९०,४००; तोटा ४७,६०० रुपये [१५, १७]. प्रत्येकी २ गुण. १२० × १,९०० असा गुणाकार दरवेळी कुणीतरी करतोच; घट विसरली म्हणून त्या भावाचे दोन्ही गुण कापावेत, कारण साठवणुकीचा हिशेब म्हणजे मुळात घटीचाच हिशेब. खर्च विसरला तर एकच गुण कापा. थोरल्याने गोल्टी वगैरे विकून आलेले पैसे [७] या हिशेबात धरू नयेत. ते १२० क्विंटलच्या बाहेरचे आहेत.

प्र. ५. चाळीचे टोक गोठ्याच्या भिंतीला टेकवले [११], वारा अडला. सडलेल्या व कोंब आलेल्या ९ क्विंटलपैकी ४ त्या एका टोकाचा [१६]. "२२ क्विंटल घट ही त्याची चूक" असे उत्तर आल्यास शून्य: त्यातले १३ क्विंटल वाळून कमी झालेले वजन आहे. याच कारणाने थोरल्याच्या ९ ची धाकट्याच्या ४९ शी तुलना करू नये. धाकट्याचे वाळून किती गेले हे उताऱ्यात नाही. तुलना करायचीच तर २२ आणि ४९ ची, म्हणजे १८.३ आणि ४०.८ टक्के.

प्र. ६. सहमत नाही. सिद्ध होते ते असे: ७१ क्विंटल सप्टेंबरपर्यंत एक किलोही न घटता राहिला असता तरी ७१ × १,९०० = १,३४,९००, म्हणजे काढणीच्या वेळच्या १,३८,००० पेक्षा कमीच (२ गुण). सांगता येत नाही ते असे: दीड महिन्यात आणखी किती सडला असता (१ गुण). इथे "आणखी २० क्विंटल सडला असता" असा आकडा घडवणाऱ्याचा शेवटचा गुण कापावा, अंदाज कितीही पटण्याजोगा असला तरी. "नवा लाल कांदा आला की भाव पडतो" हे शिकवलेले खरे असले तरी उताऱ्यात नाही, त्यामुळे पुरावा म्हणून चालणार नाही. वाचून पुढे जावे, गुण कापू नयेत.

प्र. ७. नाही. वाणाचे नाव दिलेले नाही, पण "एकाच वाफ्यातले रोप" [१] म्हणजे वाण दोघांचे एकच. "वाण दिलेले नाही, म्हणून सांगता येत नाही" या उत्तराला १ गुण: विद्यार्थ्याने उतारा प्रामाणिकपणे वाचला आहे, फक्त पहिल्या वाक्यावरून नजर भर्रकन पुढे गेली.