नमुना पाठाचे टाचण : पाव मोठा की अर्धा?

इयत्ता पाचवी, गणित. घटक : अपूर्णांकांचा लहानमोठेपणा (अंश १ असलेले). वेळ १५ मिनिटे, विद्यार्थी १२.
साहित्य : २४ सेंमी लांबीच्या ३६ कागदी पट्ट्या, रंगीत खडू, १२ कोऱ्या चिठ्ठ्या.

निवड समितीस नम्र निवेदन : या घटकात मुले एकच चूक वारंवार करतात. चार हा दोनपेक्षा मोठा, म्हणून १/४ हा १/२ पेक्षा मोठा, असे त्यांना वाटते. तीच मुले दुकानात पाव किलो आणि अर्धा किलो यांत कधी गोंधळत नाहीत. त्यांचे हे घरचे ज्ञान वहीपर्यंत आणणे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

सुरुवात (३ मिनिटे) : "आईने अर्धा किलो साखर आणायला सांगितली आणि तुम्ही पाव किलो आणलीत, तर ती काय म्हणेल?" उत्तरे येऊ द्यायची. मग फळ्यावर १/२ आणि १/४ लिहून विचारायचे, "यातला मोठा कोणता?" हात मोजून आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. बरोबर-चूक आत्ता सांगायचे नाही.

कृती (७ मिनिटे) : प्रत्येकाला तीन पट्ट्या. पहिलीची एक घडी, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. म्हणजे २, ४ आणि ८ समान भाग. प्रत्येक पट्टीचा एक भाग रंगवून पट्ट्या एकाखाली एक ठेवायच्या. भाग मोजपट्टीने मोजले की १२, ६ आणि ३ सेंमी येतात. एकतृतीयांशाची घडी मुलांना नीट जमत नाही, म्हणून ती आज घेतलेली नाही. या वेळात मी फळ्यापाशी न थांबता बाकांमधून फिरेन. घडी तिरकी पडली तर स्वतः करून देणार नाही, "दोन्ही भाग सारखे आहेत का?" एवढेच विचारेन.

चर्चा (३ मिनिटे) : "छेद वाढला तेव्हा भागाचे काय झाले?" नियम मुलांच्याच शब्दांत फळ्यावर घ्यायचा. "जास्त वाटेकरी, लहान वाटा" असे कुणी म्हणाले तर तेच वाक्य लिहायचे. मग १२ सेंमीची पट्टी काढून तिचा अर्धा भाग मोठ्या पट्टीच्या पाव भागाशेजारी धरायचा. दोन्ही ६ सेंमी! पूर्ण वस्तू सारखी असेल तरच तुलना करता येते, हे इथे दिसते. वेळ कमी पडला तरी हा भाग गाळणार नाही.

पडताळा (२ मिनिटे) : चिठ्ठीवर १/५, १/३, १/८ चढत्या क्रमाने लिहायचे. यांतले १/५ आणि १/३ हे पट्टीवर न पाहिलेले अपूर्णांक मुद्दाम घेतले आहेत. उत्तर : १/८, १/५, १/३. उलटा क्रम आलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवून पुढच्या तासाला त्या मुलांकडून आधी पट्ट्या करून घेईन. कोपऱ्यातला सुरुवातीचा आकडा शेवटपर्यंत पुसायचा नाही. जाण्यापूर्वी हात पुन्हा मोजायचे.