समान गुण असताना वर्गातील क्रमांक ठरवण्याबाबत : इयत्ता नववी

परिपत्रक क्र. परीक्षा/३७/२०२५-२६
दि. १० एप्रिल २०२६

प्रति,
सर्व वर्गशिक्षक, इयत्ता नववी (अ, ब, क)

नववीचा निकाल तयार करण्याचे काम सुरू झाले आहे. गेल्या वर्षी एका तुकडीत दोन मुलींची बेरीज सारखी आली, आणि पत्रकात ज्या मुलीचा हजेरी क्रमांक आधी होता तिला पहिला क्रमांक लागला. दुसऱ्या मुलीच्या पालकांनी विचारले, "आमचं आडनाव 'व' वरून आहे, हा तिचा दोष का?" याला आपल्याकडे उत्तर नव्हते. म्हणून शिक्षकांच्या सभेत ठरलेले नियम लेखी देत आहोत. आठवीपर्यंत आपण श्रेणी देतो, क्रमांक काढत नाही. त्यामुळे हे फक्त नववीला लागू आहे.

१. एकूण गुण ६०० पैकी धरावेत. दोन सत्रांची सरासरी काढताना अर्धा गुण आला तर गुणपत्रकावर तो नेहमीप्रमाणे पूर्ण करावा, पण क्रमांक काढताना मूळ आकडाच घ्यावा. निम्म्याहून जास्त 'सारख्या बेरजा' या पूर्णांक केल्यामुळेच दिसतात. सवलतीचे गुण बेरजेत धरू नयेत.

२. त्यानंतरही बेरीज सारखी राहिली तर या क्रमाने पाहावे : आधी गणित, मग विज्ञान व तंत्रज्ञान, मग मराठी. तिन्ही विषयांत फक्त ८० गुणांची लेखी परीक्षा मोजावी. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बेरजेत आहेतच. तिथे आपण सगळेच १८ ते २० च्या मध्ये देतो, आणि एका वहीवरून कुणाचा क्रमांक ठरू नये.

गणित आधी का, तर त्या पेपरात मुलांच्या गुणांत सर्वांत जास्त फरक पडतो. इंग्रजी की मराठी यावर सभेत बरीच चर्चा झाली. शाळेचे माध्यम मराठी आहे, हा मुद्दा शेवटी बहुतेकांना पटला. हिंदी मुद्दाम वगळली आहे. काही मुले पूर्ण हिंदी घेतात, काही संयुक्त हिंदी-संस्कृत. संस्कृतच्या पेपरला मिळणारे गुण आणि हिंदीला मिळणारे गुण एका मापाने मोजता येत नाहीत.

उदाहरण म्हणून ९-ब मधील दोन विद्यार्थी घेऊ.

हजेरी क्र. १४ : मराठी ८८, हिंदी ९०, इंग्रजी ८९, गणित ९४, विज्ञान ८९, समाजशास्त्रे ९१. एकूण ५४१.
हजेरी क्र. ३१ : मराठी ९१, संयुक्त ९३, इंग्रजी ८५, गणित ९३, विज्ञान ९२, समाजशास्त्रे ८७. एकूण ५४१.

गणिताचे १०० पैकी गुण पाहिले तर १४ क्रमांकाचा पुढे जाईल. पण लेखी गुण दोघांचेही ७४ आहेत. फरक अंतर्गत गुणांचा, २० आणि १९. म्हणून विज्ञानाकडे जायचे. तिथे लेखी ७१ आणि ७३, म्हणजे हजेरी क्र. ३१ वरचा. इथेच थांबायचे, मराठी पाहायची गरज नाही.

३. तिन्ही विषयांतही बरोबरी असेल तर क्रमांक विभागून द्यावा. दोघे दुसरे आले तर पुढचा विद्यार्थी चौथा, तिसरा नव्हे. जन्मतारीख, हजेरीचे दिवस, हस्ताक्षर किंवा वर्तन यांवरून क्रमांक ठरवू नये. प्रमाणपत्र व पुस्तक दोघांनाही पूर्ण मिळेल, त्याचा खर्च शाळा करील.

४. एखाद्या पेपरला गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याचा क्रमांक काढू नये, मग कारण काहीही असो. निकाल मात्र नियमाप्रमाणे लागेल.

५. एक्सेलच्या पत्रकात H मध्ये एकूण, M मध्ये गणित लेखी, S मध्ये विज्ञान लेखी आणि T मध्ये मराठी लेखी असे स्तंभ आहेत. U व V मध्ये ही सूत्रे टाकावीत :

```
U2: =H2*2*10^9+M2*2*10^6+S2*2*10^3+T2*2
V2: =RANK.EQ(U2,U$2:U$61,0)
```

दोनने गुणले आहे ते अर्ध्या गुणांसाठी. पट ६० पेक्षा जास्त असेल तर 61 बदलावे. गैरहजर विद्यार्थ्यांचा U रिकामा ठेवावा. पहिल्या पाच क्रमांकांची पडताळणी हातानेही करावी. स्तंभ चुकून सरकला तर सूत्र काहीच बोलत नाही.

६. हरकत असल्यास पालकांनी निकालानंतर तीन कामाच्या दिवसांत वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावी. फक्त फेरबेरीज होईल, उत्तरपत्रिका पुन्हा तपासली जाणार नाही. फेरबेरजेत गुण बदलले तर क्रमांकही बदलेल, बक्षीस जाहीर झाले असले तरी.

हे नियम २० एप्रिलपूर्वी वर्गात वाचून दाखवावेत व सूचना वहीत विद्यार्थी प्रतिनिधीची सही घ्यावी.

परीक्षा विभागप्रमुख
मुख्याध्यापक